एका मिनिटाची पाळी : एका टीमच्या रोजच्या स्टँडअपचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या अकरा जणांच्या टीमचे आहे. औषधांच्या घाऊक विक्रेत्यांसाठी, म्हणजे स्टॉकिस्टसाठी, बिलिंग आणि साठ्याची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर ही टीम सांभाळते. टीममध्ये सहा डेव्हलपर, दोन टेस्टर, सर्व्हर आणि डेटाबेस पाहणारा एक जण, ग्राहकांचे फोन घेणारी सपोर्टची एक सहकारी आणि टीम लीड म्हणून मी, असे आम्ही होतो. नऊ जण कार्यालयात बसत, तर एक डेव्हलपर नागपूरहून आणि एक कोल्हापूरहून व्हिडिओ कॉलवर काम करत असे. व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, परंतु घटनांचा क्रम आणि माझ्या वहीतील आकडे तसेच ठेवले आहेत.

रोज सकाळी सव्वादहा वाजता आमचे स्टँडअप होत असे. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कामांच्या नोंदींचा, म्हणजे तिकिटांचा, बोर्ड लावायचा, त्यासमोर अर्धवर्तुळात उभे राहायचे आणि एकेकाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची : काल काय केले, आज काय करणार, अडचण काय आहे. ही पद्धत आमच्याकडे स्क्रम या सॉफ्टवेअर टीमच्या कार्यपद्धतीच्या प्रशिक्षणातून आली होती. स्क्रममध्ये या बैठकीला पंधरा मिनिटांची मर्यादा आहे आणि कागदोपत्री ती आम्हालाही मान्य होती. प्रत्यक्षात बैठक पंचवीस ते तीस मिनिटे चाले. पहिल्या दहा मिनिटांनंतर कोणी खुर्चीच्या पाठीवर हात टेकवी, कोणी खिडकीच्या कट्ट्याला टेके आणि वीस मिनिटांनंतर निम्मे लोक मोबाईलमध्ये असत. याबद्दल कोणी तक्रार केली नाही, कारण सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

अडचण कधी टोचू लागली

३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने दरांची फेररचना जाहीर केली आणि २२ सप्टेंबरपासून बहुतेक औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येणार हे ठरले. आमच्या हाती एकोणीस दिवस होते आणि त्यातच गणपतीचे शेवटचे दिवस होते. बिलाचा दर बदलणे हे त्यातले सर्वांत सोपे काम होते. जुन्या दराने घेतलेला साठा, बदललेली एमआरपी, परत येणारा माल, छापील बिलाचा नमुना आणि महिनाअखेरचे रिपोर्ट या सगळ्यांना हात लावावा लागणार होता.

त्या आठवड्यात स्टँडअप चाळीस मिनिटांवर गेले. प्रत्येकाकडे सांगण्यासारखे खरोखरच पुष्कळ होते आणि प्रत्येकाच्या सांगण्यावर दुसऱ्याकडे विचारण्यासारखेही होते. परंतु अकरा माणसांची चाळीस मिनिटे म्हणजे रोज सात तासांहून अधिक काम, जवळजवळ एका माणसाचा पूर्ण दिवस. एका डेव्हलपरने शुक्रवारी मला बाजूला घेऊन सांगितले, ‘स्टँडअप संपेपर्यंत अकरा वाजतात, साडेअकराला क्लायंटचा कॉल असतो, मग जेवणाची वेळ होते. मी कोड लिहायला बसतो तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात.’ याच बोलण्यामुळे मी त्या शनिवार-रविवारी या विषयाचा विचार केला.

प्रत्येकाच्या पाळीला एक मिनिट ही मी ठरवलेली मर्यादा कुठून आली, तेही सांगायला हवे, कारण ती साध्या हिशोबातून आली होती. अकरा जणांनी एकेक मिनिट घेतले तर अकरा मिनिटे होतात. एकाकडून दुसऱ्याकडे पाळी जाताना, कॉलवरील माणसाने माईक सुरू करताना, बोर्डवर योग्य तिकीट शोधताना दर वेळी दहा-पंधरा सेकंद जातात आणि त्यांची बेरीज अडीच मिनिटांच्या आसपास येते. म्हणजे साडेतेरा मिनिटे झाली आणि दीड मिनिटाची सवड उरली. टीम सात जणांची असती तर दीड मिनिटाची पाळीही चालली असती. टीम पंधरा जणांची असती, तर एका मिनिटातही बैठक पंधरा मिनिटांत बसली नसती आणि तेव्हा टीमचे दोन भाग करण्याचाच विचार करावा लागला असता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय बैठक बंद करून प्रत्येकाने सकाळी चॅटवर चार ओळी लिहिण्याचा होता. आम्ही तो पूर्वी एकदा महिनाभर वापरला होता. लिहिणे सगळ्यांनी केले, परंतु वाचले फारसे कोणीच नाही आणि दोन डेव्हलपर एकाच मॉड्यूलमध्ये समांतर बदल करत असल्याचे कोड एकत्र करतानाच कळले. दरबदलाच्या धामधुमीत तो धोका पत्करणे शक्य नव्हते.

दुसरा पर्याय टीमचे दोन गट करण्याचा होता : बिलिंगचा एक आणि साठ्याचा एक. मात्र या वेळचे काम असे होते की साठ्यातील बदल बिलात उमटत होता, त्यामुळे दोन्ही बैठकांना निम्मे लोक तेच आले असते.

तिसरा पर्याय सर्वांत सरळ होता आणि त्याची भुरळही तितकीच होती. घड्याळ लावायचे, साठ सेकंदांनी घंटा वाजवायची आणि ज्याची पाळी चालू असेल त्याने तिथेच थांबायचे. याला तयारी लागत नव्हती, कोणाला काही शिकवावे लागत नव्हते आणि निकाल पहिल्याच दिवशी दिसणार होता. मी हाच निवडला. पाळ्या लांबतात कशामुळे, हे मी त्या वेळी मोजले नव्हते. लोकांना आटोपशीर बोलता येत नाही, असे मी गृहीत धरले होते.

पहिला निर्णय : घंटा

सोमवार, ८ सप्टेंबरपासून मोबाईलवर घंटा लागू लागली. पहिल्या दिवशी हसाहशी झाली, दुसऱ्या दिवशी लोक घाईने बोलू लागले आणि आठवड्याच्या अखेरीस बैठक सोळा मिनिटांवर आली. मी वरिष्ठांना तसे कळवलेसुद्धा. आज मागे वळून पाहताना त्या आठवड्यात दोन गोष्टी माझ्या नजरेतून सुटल्या असे दिसते. एक म्हणजे, आमचा सर्वांत अनुभवी डेव्हलपर घंटा वाजली की वाक्य अर्धवट सोडून मोठ्याने ‘झालं’ म्हणत असे. तो निषेध होता, मी त्याला विनोद समजलो. दुसरी म्हणजे, ‘अडचण काही नाही’ हे वाक्य पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा ऐकू येऊ लागले होते.

बुधवार, १७ सप्टेंबरच्या स्टँडअपमधील आमच्या एका टेस्टरची पाळी मी पुढे अनेकदा आठवून पाहिली आहे. ती साधारण अशी होती :

‘काल मी नव्या दराची बिलं तपासली, पाच टक्के बरोबर लागतोय. एमआरपीची शीट पण जुळली. प्रिंटमध्ये शेवटच्या दोन ओळी खाली सरकत होत्या, त्याचं तिकीट टाकलंय. स्कीमच्या बिलांचे सोळा केस झाले, चार राहिलेत, ते आज संपवते. मग रिटर्न घेणार आहे. एक्स्पायरीच्या क्रेडिट नोटमध्ये मला जरा…’

घंटा वाजली. ‘ठीक आहे, नंतर बोलते,’ ती म्हणाली आणि पाळी पुढे गेली.

तिने नंतर बोलण्याचा प्रयत्न केला, हे नोंदवणे आवश्यक आहे. संबंधित डेव्हलपर तेव्हा दुसऱ्या कॉलवर होता. आपली शंका बरोबर आहे की नाही याची तिला खात्री नव्हती, म्हणून तिने कमी प्राधान्याचे एक तिकीट टाकले आणि ती उरलेल्या कामाला लागली. शनिवारी, २० तारखेला, आम्ही नवी आवृत्ती ग्राहकांकडे पाठवली.

शंका अशी होती. केमिस्ट मुदत संपलेली औषधे स्टॉकिस्टला परत करतो आणि स्टॉकिस्ट त्याला क्रेडिट नोट देतो. त्या क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा दर लागायला हवा. ऑगस्टमध्ये १,००० रुपयांचा माल १२ टक्क्यांनी विकला असेल तर त्यावर १२० रुपये कर घेतलेला आहे आणि माल परत आल्यावर तेवढाच कर परत दाखवला पाहिजे. आमचे सॉफ्टवेअर मात्र परतीच्या तारखेचा दर घेत होते. त्यामुळे २२ तारखेनंतर त्याच मालाच्या क्रेडिट नोटवर ५० रुपये दिसू लागले आणि केमिस्टच्या खात्यात ७० रुपये कमी जमा झाले. मंगळवारी, २३ तारखेला, एका स्टॉकिस्टच्या हिशेबनिसाने सपोर्टला फोन करून विचारले, ‘माल बाराने दिला होता, पाचने परत कसा घेताय?’ दुरुस्ती दुसऱ्या दिवशी गेली, परंतु दोन दिवसांत बाहेर पडलेल्या क्रेडिट नोटा शोधून रद्द करणे आणि नव्या काढून देणे यात सपोर्टच्या सहकारीचा पुढचा सबंध आठवडा गेला.

हे सगळे घंटेमुळे घडले असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. चूक कोडमध्ये होती आणि तपासणीचा वेळ कमी होता. तरीही, चूक ज्या माणसाला दिसली होती तो माणूस ती अकरा जणांसमोर सांगत असताना आम्ही त्याला थांबवले, एवढे मात्र निर्विवाद आहे.

मोजणी

घंटा मी त्याच आठवड्यात बंद केली. पुढच्या सोमवारपासून, म्हणजे २९ सप्टेंबरपासून, मी वहीत नोंदी ठेवू लागलो. गुरुवारी दसरा आणि गांधी जयंती एकत्र आल्याने चारच दिवस मिळाले. प्रत्येक पाळी कधी सुरू झाली, कधी संपली, मध्ये दुसरे कोणी बोलले का आणि बोलले असल्यास कोण, इतकेच मी लिहीत होतो. रजा वगळता एकूण ४१ पाळ्या झाल्या.

त्यातील ३१ पाळ्यांमध्ये मध्ये कोणी बोलले नव्हते. या सगळ्या दीड मिनिटाच्या आत संपल्या होत्या आणि निम्म्याहून अधिक पाळ्या एका मिनिटाच्याही आत होत्या. घंटा नसताना, कोणी न सांगता. उरलेल्या दहा पाळ्यांमध्ये कोणीतरी मध्ये प्रश्न विचारला होता आणि त्या तीन ते नऊ मिनिटांपर्यंत ताणल्या गेल्या होत्या. चार दिवसांच्या एकूण पावणेदोन तासांपैकी जवळजवळ एक तास या दहा पाळ्यांनी घेतला होता. आणि या दहांपैकी सात वेळा पहिला प्रश्न विचारणारा मी होतो.

हा शेवटचा आकडा मी दोनदा तपासला. माझे प्रश्न निरर्थक नव्हते : ‘मग ते शुक्रवारपर्यंत होईल ना?’, ‘त्याला पर्याय काय बघितलास?’, ‘हे क्लायंटला सांगितलं का?’ परंतु त्यांचे उत्तर ऐकण्याची गरज अकरांपैकी दोघांनाच होती. शिवाय मी विचारतो हे माहीत असल्यामुळे लोक आधीच बचावाची तयारी करून येत असत. काल दिवसभर आपण बसून नव्हतो, हे सिद्ध करण्यासाठीच पाळीचा पहिला भाग खर्च होत असे. बोलणारा माणूस बोर्डकडे किंवा सहकाऱ्यांकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

दुसरी गोष्ट मला वहीतील नोंदींपेक्षा त्या १७ तारखेच्या पाळीवरून उमगली. तीन प्रश्नांचा क्रमच असा आहे की अडचण सर्वांत शेवटी येते. माणूस काल सकाळपासून गोष्ट सांगायला लागतो, कालचे सांगून झाले की आजचे सांगतो आणि अडचणीपाशी येईपर्यंत मिनिट संपलेले असते. म्हणजे आमची घंटा पाळीतला सर्वांत कामाचा भागच नेमका कापत होती. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेच्या २०२०च्या आवृत्तीतून हे तीन प्रश्न काढून टाकलेले आहेत आणि पंधरा मिनिटांची मर्यादा तेवढी कायम आहे, ही बाब आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. आम्ही जुन्या प्रशिक्षणाच्या जोरावरच चालत होतो.

दुसरा निर्णय

सोमवार, ६ ऑक्टोबरपासून आम्ही नवी पद्धत सुरू केली. ती ठरवताना टीमसोबत अर्धा तास बसलो आणि वहीतील आकडे सगळ्यांना दाखवले. माझा सात हा आकडाही दाखवला. तो दाखवावा की नाही याचा मी रात्रभर विचार केला होता. दाखवल्यावर अनुभवी डेव्हलपर एवढेच म्हणाला, ‘हे आम्हाला माहीत होतं.’

पहिला बदल पाळीच्या रचनेत झाला. काल काय केले हे बोलायचे नाही, ते दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत बोर्डवर तिकीट सरकवून दाखवायचे. पाळीचे पहिले वाक्य ‘अडलोय’ किंवा ‘अडलो नाही’ असे असेल. अडलो असेन तर दुसऱ्या वाक्यात कशाने आणि तिसऱ्यात कोण हवे, तेही नाव घेऊन. आज काय करणार हे शेवटी येईल. मिनिट संपून काही कापले गेलेच तर ते आजचे बेत असतील आणि ते बोर्डवर दिसतातच.

यामुळे काय फरक पडला ते डेटाबेस पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या पाळीवरून दिसेल. त्याची जुनी पाळी अशी असे : ‘काल सकाळी मी रिपोर्टचं तिकीट घेतलं, मग क्लायंटचा कॉल होता, तो चारपर्यंत चालला, त्यानंतर क्वेरी बघितली, ती स्लो होती, म्हणजे इंडेक्सच नव्हता, मग इंडेक्स टाकून बघितला तर वेळ कमी झाला, पण मग बिलिंगला लॉक यायला लागले, म्हणून मी परत काढला, आणि मग…’ ही पाळी लांबत जाई आणि त्याला कोणाची मदत हवी आहे हे तिच्यात कुठेच येत नव्हते. तशाच प्रसंगी नवी पाळी अशी झाली : ‘अडलोय. रिपोर्टसाठी इंडेक्स टाकला की बिलिंगमध्ये लॉक येतोय. बिलिंग लिहिणाऱ्याबरोबर मला आज अर्धा तास हवा. तो मिळाला तर रिपोर्ट उद्या टेस्टिंगला देतो.’ एवढे बोलायला वीस सेकंदही लागत नाहीत आणि ज्याचा अर्धा तास हवा होता त्याने तिथेच मान डोलावली.

दुसरा बदल प्रश्नांसाठी होता. पाळी चालू असताना कोणीही प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न असेल तर ‘ओट्यावर’ एवढाच शब्द म्हणायचा. आमच्या पँट्रीत चहाच्या मशीनशेजारी ग्रॅनाइटचा ओटा आहे, तिथे दोघे-तिघे उभे राहून बोलतात, त्यावरून हे नाव पडले. जो हा शब्द म्हणेल त्याने पडद्याशेजारच्या फळ्यावर तिकिटाचा क्रमांक आणि दोन नावे लिहायची. सगळ्या पाळ्या झाल्या की फळ्यावरच्या प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहायची, ‘लगेच’ किंवा ‘साडेबारा’ असे काहीतरी, आणि वेळ लिहिल्याशिवाय बैठक संपवायची नाही. ‘नंतर बोलते’ या शब्दांना सप्टेंबरमध्ये ना माणूस होता ना वेळ. नव्या पद्धतीत दोन्ही बांधून दिले.

तिसरा बदल माझ्यापुरता होता. मी अर्धवर्तुळाच्या मध्यातून उठून पडद्याच्या बाजूला, बोलणाऱ्याच्या नजरेआड, उभा राहू लागलो. बैठक चालवण्याचे काम दर आठवड्याला नव्या माणसाकडे जाऊ लागले आणि माझी पाळी सर्वांत शेवटी आली. हा बदल ऐकायला क्षुल्लक वाटतो, परंतु मला सर्वांत अवघड तोच गेला. पहिल्या आठवड्यात मी तीनदा मध्ये बोललो आणि तिन्ही वेळा चालवणाऱ्या मुलीने माझ्याकडे न पाहता फळ्याकडे बोट दाखवले.

घड्याळ ठेवले, पण घंटा नाही. चालवणारा माणूस पंचेचाळीस सेकंदांना हात वर करतो, बोलणारा आपले वाक्य पूर्ण करतो. हात कॅमेऱ्यातही दिसतो, त्यामुळे नागपूर आणि कोल्हापूरच्या सहकाऱ्यांनाही तो कळतो. त्या दोघांची पाळी आधी घ्यायचे ठरले, कारण शेवटी ठेवल्यास तोवर खोलीतील लोक पांगू लागलेले असतात.

परिणाम

दिवाळीच्या सुट्ट्यांमुळे ऑक्टोबरचा उत्तरार्ध हिशोबात धरला नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मी पुन्हा वही काढली. बैठक बारा ते चौदा मिनिटांत संपत होती. ओट्यावर रोज दोन-तीन बोलणी होत आणि ती सगळी मिळून साधारण पंधरा मिनिटे दोघातिघांची जात. पूर्वी सव्वीस मिनिटे अकरा जण, म्हणजे २८६ माणूस-मिनिटे जात. आता बैठकीची १४३ आणि ओट्यावरची फार तर ४५, मिळून १८८. वाचलेला वेळ अफाट नाही. मात्र अडचणी बोलल्या जाण्याचे प्रमाण वाढले, ते फळ्यावर रोज दिसत होते.

काही गोष्टी अपेक्षेप्रमाणे झाल्या नाहीत. नुकताच रुजू झालेला एक डेव्हलपर सलग दोन दिवस ‘अडलो नाही, तेच तिकीट चालू आहे’ असे सांगून आठ सेकंदांत मोकळा झाला. तिसऱ्या दिवशीही तेच ऐकल्यावर टेस्टरने ‘ओट्यावर’ म्हटले. तिथे कळले की ज्या सर्व्हरवर काम करायचे त्याचा पासवर्डच त्याला मिळालेला नव्हता आणि एवढी साधी गोष्ट अकरा जणांसमोर कशी मागायची म्हणून तो गप्प होता. त्यानंतर नियम केला की तेच तिकीट तिसऱ्या दिवशी त्याच रकान्यात असेल, तर ते आपोआप फळ्यावर जाईल आणि त्यासाठी कोणी कोणाला काही विचारायचे नाही. अतिलांब पाळी सगळ्यांना खटकते, अतिलहान पाळीकडे मात्र कोणी पाहत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर आमचे एक वरिष्ठ व्यवस्थापक तीन दिवस बैठकीला येऊन उभे राहिले. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तरीही पहिल्याच दिवशी पाळ्या पुन्हा दीड-दोन मिनिटांच्या झाल्या, ‘काल मी’ने सुरू होणारी वाक्ये परतली आणि सगळ्यांच्या नजरा एका कोपऱ्याकडे वळल्या. फळ्यावर त्या तीन दिवसांत मिळून एकच ओळ लिहिली गेली. चौथ्या दिवशी ते आले नाहीत आणि बैठक तेरा मिनिटांत संपली. यापुढे आठवड्याचा लेखी आढावा त्यांना पाठवायचा आणि स्टँडअपला टीमबाहेरच्या कोणी यायचे नाही, असे मी त्यांना विनंती करून ठरवून घेतले. त्यांनी ते मान्य केले, थोडे नाराज होऊन.

आवृत्ती बाहेर जाण्याच्या दिवशी ही पद्धत चालत नाही. त्या दिवशी प्रत्येकाचे काम दुसऱ्यावर अवलंबून असते आणि दर दहा मिनिटांनी काहीतरी बदलते. तेव्हा आम्ही स्टँडअप घेतच नाही, सकाळपासून एक कॉल उघडा ठेवतो.

वेगळे काय करता आले असते

घंटा लावण्याआधी चार दिवस मोजले असते तर घंटा लावलीच नसती, असे मला वाटते. वही आणि मोबाईलचे घड्याळ याशिवाय त्याला काही लागले नसते. ८ सप्टेंबरला माझ्याकडे चार दिवसही नव्हते, असा युक्तिवाद मी बराच काळ स्वतःशी केला. परंतु मोजण्यासाठी बैठक थांबवावी लागत नाही, ती चालू असतानाच मोजता येते.

एवढ्या घाईच्या काळात बैठकीची पद्धत बदलावी का, हा दुसरा प्रश्न आहे आणि त्यावर टीममध्ये आजही एकमत नाही. टेस्टरचे म्हणणे आहे की त्या दोन आठवड्यांत चाळीस मिनिटेच चालू द्यायला हवी होती, कारण तेव्हा लोक निदान वाक्य पूर्ण करत होते. मला तसे वाटत नाही. चाळिसाव्या मिनिटाला ऐकत कोणीच नव्हते आणि तिची शंका तेव्हाही वाऱ्यावरच गेली असती. पण ‘ओट्यावर’ची फळ्यावरची ओळ तेवढी पहिल्या दिवसापासून असती, तर घंटा असूनही ती शंका वाचली असती, हे तिचे म्हणणे मला पूर्ण पटते.

एक चूक आम्ही डिसेंबरमध्ये येऊन दुरुस्त केली. ओटा पँट्रीत होता आणि नागपूरचा सहकारी कॉलवर. त्याचे नाव फळ्यावर असले तरी बैठक संपताच कॉल बंद होई आणि त्याला पुन्हा जोडून घेण्यात पाच-दहा मिनिटे जात, म्हणून हळूहळू त्याला ओट्यावर बोलावणेच कमी झाले होते. त्याने स्वतः सांगेपर्यंत आम्हाला ते जाणवले नाही. आता बैठक संपल्यावर कॉल तसाच चालू राहतो आणि फळ्यावर त्याचे नाव असेल तर ती बोलणी पँट्रीत न होता पडद्यासमोरच होतात.

अनुभवी डेव्हलपर आजही सव्वा मिनिट घेतो. चालवणारा हात वर करतो, तो हाताकडे पाहतो आणि आपले वाक्य सावकाश पूर्ण करतो.